टाचणाचं दुसरं पान

स्टुडिओतून यतीनच्या हसण्याचा आवाज आला आणि प्रेमलता पायरीवरच थांबली. सतरा वर्षांच्या संसारात नवऱ्याचं असं हसणं तिने फार तर चार-पाचदा ऐकलं असेल. यतीन कुबल हा मुळात घुमा माणूस. जामसंड्याच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता, आणि गिऱ्हाइकाशीही तो 'मान थोडी वर' आणि 'डोळे मिटूक नको' यापलीकडे फारसं बोलत नसे. घरी तर त्याहून कमी.

आत संगणकासमोर तो बसला होता आणि शेजारी संजना तारी. प्रेमलताच्याच हायस्कुलातली कंत्राटी संगणक शिक्षिका. सव्वीस वर्षांची, एकेरी वेणी, हातात वही.

"म्हणजे दादा, रंग बदलला तरी सुरकुत्या तशाच राहतात?"

"तशेच ऱ्हवतत. म्हणान तर डोळो फसता. माणूस रंगाक बघता, सुरकुतीक नाय."

संजनाने ते वहीत उतरून घेतलं. यतीन तिचं लिहून होईपर्यंत थांबला. प्रेमलताच्या मनात ते थांबणंच रुतून बसलं. आपलं वाक्य कुणी लिहून घेतंय म्हणून नवरा थांबलाय आणि त्याचा चेहरा शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखा झालाय.

"या ना बाई," संजना उठून उभी राहिली. "दादा किती छान समजावून सांगतात!"

"हो का?" प्रेमलता म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं."

ही गोष्ट २००९ सालच्या सप्टेंबरातली. विधानसभेची आचारसंहिता लागली होती, आणि शाळेत नववीच्या वर्गासाठी एक नवाच तास ठरला होता. त्याचं मूळ संजनाच्या भावात होतं. निकेतला बोटीवरच्या नोकरीच्या अर्जासाठी कोट-टायमधला फोटो हवा होता आणि घरात कोट नव्हता. यतीनने त्याच्या शर्टावर संगणकात कोट चढवून दिला. तो फोटो बघून संजना चक्रावली. मग तिला कणकवलीच्या एका कापड दुकानाचं जाहिरातीचं पत्रक आठवलं. आठ रंगांच्या आठ साड्या, पण बाई तीच, पदराची चुणीसुद्धा तीच. ती पत्रक घेऊन मुख्याध्यापकांकडे गेली. मुलं छापलेलं सगळं खरं मानतात, तर फोटोतले कपडे कसे बदलतात आणि बदल कसा ओळखायचा यावर एक तास घेऊ द्या, म्हणाली.

मुख्याध्यापक रामचंद्र सारंग यांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती कणकवलीच्या जिल्हास्तरीय शिक्षक मेळाव्यासाठीही कळवून टाकली. आधी शाळेत तास घ्यायचा, मग तोच मेळाव्यात करून दाखवायचा. आणि त्यांनी प्रेमलताला बोलावलं.

"बाई, संजनाचं पाठ टाचण तुम्ही भाषेच्या दृष्टीने तपासून द्या. तिचं मराठी जरा इकडचं तिकडचं आहे. आणि तासाला निरीक्षक म्हणून तुम्हीच बसा."

पाठ टाचण म्हणजे तासाला काय शिकवायचं, कसं आणि किती मिनिटांत, याची लेखी आखणी. प्रेमलताने अठरा वर्षांत अशी हजारो टाचणं लिहिली होती. मराठी कवितेच्या तासासाठी तिने केलेली टाचणं तालुक्यातल्या इतर शाळा मागून नेत. पण जिल्ह्याला तिचं नाव कधी कुणी कळवलं नव्हतं. आता दोन वर्षांच्या कंत्राटावरची मुलगी जाणार होती आणि तिच्या वेलांट्या सुधारायला आपण.

"देते की," ती म्हणाली. मुख्याध्यापकांच्या खोलीतून बाहेर पडताना तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

पण शाळेचं दुःख तिला एकवेळ गिळता आलं असतं. गिळता आलं नाही ते घरचं. यतीन रोज संध्याकाळी तासभर उशिरा येऊ लागला. आला की जेवताना म्हणे, "आज त्या पोरीन बरो प्रश्न इचारल्यान." प्रेमलता ताटात बघत राही. लग्नानंतर नवा संगणक आला तेव्हा तिनेही एकदा विचारलं होतं, माका शिकवशात काय? तेव्हा हा म्हणाला होता, तुका खंय जमतला! एवढंच तिच्या लक्षात होतं.

संजना त्याला दादा म्हणते, आपल्याला बाई म्हणते, तिच्या वागण्यात नाव ठेवायला जागा नाही, हे प्रेमलताला कळत होतं. ती जागा मिळत नव्हती याचाच तिला जास्त राग येत होता.

टाचणाचं पहिलं पान सोमवारी आलं. "दुसरं अजून लिहितेय बाई," संजना म्हणाली. "पहिल्यात बदल कसा करतात ते आहे. कसा ओळखायचा ते दुसऱ्यात."

नमुन्यासाठी संजनाने आपलाच एक फोटो घेतला होता. निकेतला नोकरी लागली त्या दिवशी ती बाजारात पेढे वाटत फिरली होती, तेव्हा यतीनने स्टुडिओच्या दारातून टिपलेला. पांढरा कुर्ता, पोपटी ओढणी, हातात पेढ्यांचं स्टीलचं ताट. खाली पायऱ्या लिहिल्या होत्या. ओढणीची कड हळूहळू फिरत निवडून घ्यावी. निवडीची कड किंचित मऊ ठेवावी, नाहीतर कात्रीने कापल्यासारखी दिसते. निवडलेला भाग वेगळ्या थरावर घ्यावा, म्हणजे मूळ फोटोला धक्का लागत नाही. मग रंगाची पट्टी सरकवावी. उजेड-सावली तशीच ठेवली तर कापड खरं वाटतं. काठ किंवा नक्षी हवी असल्यास आणखी एका थरावर घालावी.

प्रेमलताने दोन अनुस्वार आणि एक ऱ्हस्व उकार सुधारला. बाकी सुधारायला काही नव्हतं. मराठी साधं होतं आणि इतकं स्पष्ट होतं की कुणालाही करता यावं.

मंगळवारी यतीन खलाशांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायला विजयदुर्गाला गेला होता. प्रेमलताला अर्धा दिवस सुट्टी होती. स्टुडिओत मदतीला असलेला धोंडू तीन वाजता जेवायला घरी गेला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "सावकाश ये. मी आसंय."

संगणक चालूच होता. संजनाचा फोटो समोरच होता. प्रेमलता खुर्चीत बसली आणि टाचणाचं पान तिने कळफलकाशेजारी ठेवलं.

सुरुवातीला काय मनात होतं, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. बहुधा एवढंच, की मला जमतं का बघू. पहिल्यांदा कड निसटली. दुसऱ्यांदा ती ओढणीऐवजी अर्धा खांदा घेऊन आली. तिसऱ्यांदा जमलं. ओढणीभोवती मुंग्यांसारखी ठिपक्यांची रेघ चालू लागली आणि प्रेमलताला खरोखरचा आनंद झाला. तिने रंगाची पट्टी सरकवली. पोपटीचा निळा झाला, निळ्याचा जांभळा.

जांभळ्यावर तिचा हात थांबला.

त्या निवडणुकीत तालुक्यात एक अपक्ष उमेदवार उभा होता. त्याचे कार्यकर्ते जांभळं उपरणं घालून फिरत, पिवळ्या काठाचं. अर्ज भरला त्या दिवशी याच बाजारात त्यांनी पेढे वाटले होते.

प्रेमलताने पिवळा पट्टा काढला आणि ओढणीच्या कडेला लावला. आता पडद्यावर शाळेची शिक्षिका उमेदवाराचं उपरणं गळ्यात घालून भरबाजारात पेढे वाटत होती. शाळेतल्या सगळ्यांना निवडणुकीची ड्युटी लागलेली. प्रचारात दिसलेल्या कंत्राटी शिक्षिकेला संस्था दुसऱ्या दिवशी ठेवणार नव्हती.

पुसून टाक, असं ती स्वतःला म्हणाली. आणि फाइल साठवून छपाईचं बटण दाबलं. पासपोर्ट फोटो छापायच्या छोट्या यंत्रातून चकचकीत कागद बाहेर आला. तिने पाकिटावर डाव्या हाताने संस्थेच्या अध्यक्षांचं, भाई मिठबावकरांचं नाव लिहिलं आणि घरी जाताना ते टपालपेटीत टाकलं. पाकीट आत पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

त्या रात्री तिला छान झोप लागली. याची लाज तिला फार नंतर वाटली.

गुरुवारी सकाळी संजनाने दुसरं पान आणून दिलं. शिक्षक खोलीत कुणी नव्हतं. प्रेमलताने लाल पेन उघडलं.

'फोटो मोठा करून कड बघावी. केसांच्या बटांमधून आणि बोटांच्या फटींतून जुना रंग बहुधा शिल्लक राहतो, कारण तिथे निवड नीट पोचत नाही.'

'पोचत' की 'पोहोचत', ती विचार करत होती. मग तिला संजनाची ताटावरची बोटं आठवली. ओढणीचं टोक त्या बोटांतून खाली आलं होतं. बोटांच्या फटीत तिची निवड गेलीच नव्हती.

'काठ आणि नक्षी सुरकुतीबरोबर वळते का, बघावे. वरून लावलेला काठ सुरकुतीवरूनही सरळ जातो.'

तिचा पिवळा पट्टा फूटपट्टीने मारल्यासारखा सरळ होता.

'रंगीत कपडा आपला रंग जवळच्या वस्तूंवर टाकतो. हनुवटीखाली, पांढऱ्या कपड्यावर त्याची झाक पडते. कपड्याचा रंग बदलणारा ही झाक बदलायला विसरतो.'

'आरसा, पाणी, काच किंवा स्टीलचे भांडे जवळ असल्यास त्यात पाहावे. प्रतिबिंबातला कपडा बहुधा तसाच राहिलेला असतो.'

लाल पेनाची शाई कागदावर एका जागी पसरत गेली. स्टीलचं ताट. तिने ताटाकडे बघितलंसुद्धा नव्हतं. आपण काय केलं ते एक एक करून, क्रमवार, नीटस अक्षरात कुणीतरी लिहून आपल्याकडे तपासायला दिलं आहे असं तिला वाटलं. आणि इतकं असूनही पुढचा विचार आला तो भीतीचा नव्हता. ही मुलगी हुशार आहे, खरंच हुशार आहे, आणि हे सगळं तिला माझ्या नवऱ्याने शिकवलं, हा होता.

पानाच्या तळाशी संजनाने लिहिलं होतं: 'एवढे करूनही खात्री होत नसेल तर मूळ फोटो मागावा. संशय म्हणजे पुरावा नव्हे.'

प्रेमलताने एका जागी अनुस्वार दिला आणि पान परत केलं.

दुपारी शाळेचा शिपाई महादू तिला बोलवायला आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत भाई मिठबावकर बसले होते. टेबलावर तो फोटो. संजना उभी होती, तिच्या ओठांचा रंग गेला होता.

"ह्या काय आसा ता तूच सांग," भाई म्हणाले. ते संस्थेचे अध्यक्ष, पण आवाज चढवणारे नव्हते; दुःखी दिसत होते. "शाळेची मान्यता जायत गो अशान."

"भाई, ही ओढणी जांभळी नाही. पोपटी आहे. हा फोटो माझ्या टाचणातला आहे, त्यात कुणीतरी…" संजना थांबली.

"तो कुणाकडे होता?" सारंग सरांनी विचारलं.

संजनाने प्रेमलताकडे बघितलं.

"संजना, कुणाकडे होता?"

"यतीनदादांच्या स्टुडिओत. पण सर, दादा असं कधी करणार नाहीत. मी शपथेवर सांगते."

सगळे प्रेमलताकडे बघू लागले. बोलायची ती वेळ होती. तिला तोंड उघडता येत होतं, जीभ हलत होती. पण संजनाने नवऱ्याची बाजू आपल्याआधी घेतली, 'कधी करणार नाहीत' हे तिने कुठल्या हक्काने म्हटलं, हेच डोक्यात घुमत राहिलं.

"मला कल्पना नाही," प्रेमलता म्हणाली.

भाईंनी फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. शेवटी म्हणाले, "रामचंद्र, तुमचो तो तास काय म्हणतास तो… कपडे बदलूचो. तो उद्या होवंदे. ह्याच फोटोवर होवंदे. मूळ फोटो पण त्याच स्टुडिओतलो, तो खरो कसो धरतलो? मी बसतंय. पोरांका कळला तर माकाय कळात. नाय कळला तर सोमवारी तिका काढल्याचा पत्र तयार करा. आणि त्या यतीनाक पण बोलवा."

घरी यतीन अंगणात बसला होता. सरांचा निरोप त्याला पोचला होता. प्रेमलता पाणी घेऊन आली तेव्हा त्याने पेला घेतला नाही.

"मंगळवारी चार वाजता मी विजयदुर्गाक होतंय," तो म्हणाला. "फाइलीवर तारीख पडता. येळ पण पडता. ह्या तुका म्हायत नसतला."

प्रेमलता पेला घेऊन उंबऱ्याकडे वळली.

"धोंडू सांगता, वैनी होती."

"मगे सांगा जावन सगळ्यांका," ती म्हणाली. तिला वाटलं होतं आपण रडू. पण आवाज रागाचाच आला. "सांगा. तिका वाचवा. तिच्यासाठी हसणा सुटता तुमका, तिच्यासाठी तोंड उघडता. सतरा वर्सां मी ह्या घरात भिंतीवांगडा बोलतंय."

यतीनने तिच्याकडे प्रथमच नीट बघितलं. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"माझ्या कामात काय आसा ता तू कधी इचारलंस?"

"इचारलंय! तुमीच म्हणालात, तुका खंय जमतला."

"त्याच्या आदी तू काय म्हणलंस ता आठावता?" त्याने विचारलं. "तुझ्या माहेरची माणसां जेवूक बसलेली. तू म्हणालंस, ह्येंचो नकली धंदो, फोटोत मेलेल्यांका कोट घालतत. सगळी हसली. मी पण हसलंय. त्या दिसापासून मी घरात कामाचा बोलणा सोडलंय."

प्रेमलताला ते आठवत नव्हतं. अगदी मुळीच आठवत नव्हतं. पण आपण तसं म्हटलं असणार याबद्दल तिला क्षणभरही शंका वाटली नाही. ते वाक्य तिच्याच वळणाचं होतं.

"मी उद्या सांगतलंय, माझ्याकडसून झाला म्हणान," यतीन म्हणाला. "सरावासाठी केल्लो फोटो, चुकान खंय गेलो. माका काय, चार गिऱ्हायकां कमी येतली. तुझी नोकरी ऱ्हवांदे."

तो उठून आत गेला. पाण्याचा पेला तिच्या हातातच राहिला. संजनाला वाचवायला हा निघाला आहे असं तिला वाटलं होतं, आणि तो निघाला होता बायकोला वाचवायला.

शुक्रवारी शाळेच्या संगणक खोलीत दहा संगणकांसमोर नववीची चाळीस मुलं दाटीवाटीने बसली. फोटोची स्कॅन केलेली प्रत प्रत्येक पडद्यावर होती. मागच्या भिंतीशी भाई, सारंग सर आणि यतीन. प्रेमलता निरीक्षकाच्या खुर्चीत, मांडीवर निरीक्षणाचा तक्ता.

संजनाचा आवाज पहिली पाच मिनिटं कापत होता. तिने साड्यांचं पत्रक दाखवलं, ओढणी निवडणं, थर, रंगाची पट्टी एक एक करून दाखवली. निकेतचा कोट दाखवला तेव्हा मुलं हसली आणि आवाज स्थिर झाला.

"आता समोरचा फोटो. यात मी आहे. माझ्याकडे बघायचं नाही, कपड्याकडे बघायचं. काही बदललंय का? बदललं असेल तर कशावरून? नुसतं 'वाटतं' चालणार नाही. बोट ठेवून दाखवायचं."

थोडा वेळ फक्त माऊसचे आवाज.

"बाई, पिवळो काठ!" दीपिका नावाची मुलगी म्हणाली. "ओढणी दुमडल्या, काठ दुमडूक नाय."

"बरोबर. पण काठ नंतर शिवलेला असू शकतो ना?"

"शिवलेलो काठ पण दुमडतलो, बाई."

भाई खुर्चीतून पुढे झुकले. मग एकाने बोटांच्या फटीतला हिरवा ठिपका दाखवला. दुसऱ्याने हनुवटीखालची झाक. त्यावर वर्गात वाद झाला. एकजण म्हणाला, ती झाक झाडाचीही असेल. संजना म्हणाली, असू शकते, म्हणून एकट्या झाकेवर निकाल द्यायचा नाही.

पहिल्या रांगेतली जान्हवी अजून काही बोलली नव्हती. तिचे वडील मासेमारीच्या होडीवर होते आणि ती वर्गात शेवटपर्यंत गप्प राहणाऱ्यांतली होती. तिने पडदा मोठा करत करत नेला आणि हात वर केला.

"बाई, ताटात बघा. ताटातली ओढणी पोपटी आसा."

दहाही पडद्यांवर ताट मोठं झालं. पेढ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, स्टीलच्या वाकड्या चकाकीत, पोपटी रंगाचा लांबट डाग. जांभळं काही नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सारंग सरांनी चष्मा काढून पुसला.

"माका कळला," भाई म्हणाले. "पोरी, माका माफ कर."

तास तिथेच संपला असता. पण जान्हवीचा हात अजून वरच होता.

"बाई, पण ह्या केल्यान कोणी?"

संजनाने फळ्याकडे बघितलं, मग मुलांकडे. "फोटो काय केलंय ते सांगतो, जान्हवी. कुणी केलं ते फोटोवरून कळत नाही. त्यासाठी माणसांना विचारावं लागतं. आणि ते आपलं काम नाही."

यतीन उठला. त्याने घसा खाकरला. "सर, ता माझ्या स्टुडिओत…"

"ता मी केलंय," प्रेमलता म्हणाली.

निरीक्षणाचा तक्ता खाली पडला. अठरा वर्षं वर्गात तिने कधी मालवणी शब्द उच्चारला नव्हता. मुलांनाही उच्चारू दिला नव्हता.

"ह्येंचो काय संबंध नाय. मंगळवारी मी केलंय आणि मीच पाठवलंय. पयलां पान वाचून केलंय. दुसरा तवा येवक नव्हता."

चाळीस मुलं तिच्याकडे बघत होती. त्यांच्यातल्या कितीजणांकडून तिने पहिली कविता पाठ करून घेतली होती. सारंग सर हळूच म्हणाले, "मुलांनो, बाहेर चला," आणि महादूने दार उघडलं. मुलं एकमेकांना न ढकलता बाहेर गेली, तशी ती कधी जात नसत.

"का पण बाई?" संजनाने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "मी काय केलं होतं?"

काय सांगायचं? तू लिहून घेत होतीस आणि तो थांबत होता, हे? प्रेमलताला वाटलं, हे मोठ्याने म्हटलं तर ते किती लहान ऐकू येईल.

"काही नाही," ती म्हणाली. "तू काहीच केलं नव्हतंस."

संस्थेने प्रकरण बाहेर जाऊ दिलं नाही. प्रेमलताने लेखी माफी दिली, तिची दोन वर्षांची वेतनवाढ थांबली, आणि दिवाळीनंतर तिची बदली संस्थेच्या विजयदुर्गाकडच्या शाळेत झाली. रोज सकाळी सहाची एसटी. संजनाला पुढचं कंत्राट मिळालं. कणकवलीच्या मेळाव्यात तिचा तास गाजला, असं सारंग सरांनीच प्रेमलताला भेटल्यावर सांगितलं. टाचणाच्या शेवटी, 'भाषा तपासणी' या ओळीपुढे तिने प्रेमलताचं नाव तसंच ठेवलं होतं म्हणे. ते ऐकून प्रेमलताला बरं वाटलं नाही. तिने ते खोडलं असतं तर सोपं झालं असतं.

संजनाने तिला माफ केलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. बाजारात समोर आली तर ती 'बाई, बरं आहे ना?' म्हणे आणि थांबत नसे. स्टुडिओत मात्र ती पुन्हा कधी आली नाही. यतीन वेळेवर घरी येऊ लागला. जेवताना कुणी बरा प्रश्न विचारल्याचं सांगेनासा झाला. जे प्रेमलताला हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं, आणि घरात जेवणाच्या ताटांचा तेवढा आवाज होता.

जानेवारीतल्या एका रविवारी ती स्टुडिओत गेली. यतीन एका खलाशाच्या फोटोवर काम करत होता. माणसाचा सदरा खांद्यावर फाटलेला होता आणि ओळखपत्रासाठी त्याच्या बायकोने तो धड दाखवायला सांगितलं होतं.

"ह्या कसा करतास?" प्रेमलताने विचारलं.

यतीनचे हात थांबले. तो पडद्याकडेच बघत होता.

"कित्या? आता दुसऱ्या कोणाचो फोटो बदलूचो आसा?"

ते लागायचं तसं लागलं. ती गेली नाही. तिने पिशवीतून वही काढली, पेन उघडलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बाजारातून एक रिक्षा गेली, मागून दुसरी. धोंडू आत आला, दोघांना बघून परत बाहेर गेला.

"फाटलेला शिवूचा नसता," यतीन बऱ्याच वेळाने म्हणाला. "दुसऱ्या खांद्यावरचा कापड घेवन हय लावचा. पण उजेड खयसून येता ता आदी बघूचा लागता. नायतर एक खांदो सकाळचो आणि एक सांजचो दिसता."

तिने ते लिहून घेतलं. तो थांबला की नाही ते तिने मान वर करून बघितलं नाही.